मित्रांच्या ट्रिपला पैशांमुळे नाही म्हणायचंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मित्रमंडळींच्या ट्रिपचा हिशोब गेली बरीच वर्षं माझ्याकडे आहे. गाडी ठरवायची, राहायच्या जागेचा अ‍ॅडव्हान्स भरायचा आणि मग एकेकाच्या मागे लागून कॉन्ट्री गोळा करायची, हे ते काम. त्यामुळे येणाऱ्यांपेक्षा न येणाऱ्यांचे मेसेज मी जास्त वाचलेत. "पैशांमुळे जमत नाहीये, पण कसं सांगू?" हे विचारणारे ओळखीतले असतात आणि त्यांच्या ओळखीतलेही. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केलेत. आकडे लागतील तिथे एकच उदाहरण घेतलंय: पुण्याहून गोवा, डिसेंबर, आठ जण, चार दिवस आणि तीन रात्री. तुमच्या ट्रिपचे आकडे वेगळे असतील, हिशोबाची पद्धत तीच राहील.

१. पैशांचं कारण सांगायलाच हवं का? नुसतं "जमणार नाही" पुरत नाही का?

लांबच्या ओळखीत पुरतं. ऑफिसातल्या पंधरा जणांच्या ग्रुपवर "या वेळी जमणार नाही" लिहिलंत तर कोणी खोलात जात नाही.

जवळच्या मित्रांत मात्र ते तिथेच थांबत नाही. कारण कळलं नाही की ते स्वतःच एक धरून चालतात आणि त्यावर उपाय शोधायला लागतात. "सुट्टी नाही का? मग पुढच्या आठवड्यात जाऊ." तुमच्यासाठी सात जणांच्या तारखा हलतात आणि मग तुम्हाला दुसऱ्यांदा नाही म्हणावं लागतं. हा दुसरा नकार पहिल्यापेक्षा कितीतरी जड जातो. खर्चाचं कारण एकदा सांगितलं की तारखांची चर्चा होत नाही. झालीच तर खर्च कमी करण्याची होते, आणि ती निदान मुद्द्याची असते.

कारण सांगायचं म्हणजे हिशोब द्यायचा नाही. पगार किती, हप्ते किती, घरी कोणाच्या औषधपाण्याला किती जातात, यातलं काहीच सांगायची गरज नसते. "या महिन्यात एवढा खर्च झेपणार नाही" एवढ्यावर थांबा.

२. थाप मारली तर काय बिघडतं? ऑफिसचं काम आहे, घरी कार्य आहे असं?

थाप चार दिवस सांभाळावी लागते. त्या रविवारी तुम्ही हॉटेलात दिसता कामा नये, स्टेटसला काही टाकता कामा नये, आणि मित्राची आई मंडईत तुमच्या आईला भेटली तर "कार्य कसं झालं?" याचं उत्तर आईलाही पाठ हवं. शिवाय थापेचं कारण संपलं की आमंत्रण परत येतं. सुट्टी नव्हती ना, मग जानेवारीत चल.

सगळ्यात वाईट थाप म्हणजे "बायको नाही म्हणतेय" किंवा "हे नको म्हणतात". तुमची अडचण आजच्यापुरती असते, पण ग्रुपमध्ये त्या माणसाची झालेली ओळख कायमची राहते. पुढच्या बारशाला तीच माणसं समोर येतात आणि तिला कळतही नाही की सगळे असं का बघतायत.

३. मेसेज नेमका कसा लिहू?

छोटा. मी असा लिहीन:

"अरे, प्लॅन भारी झालाय. पण मला या वेळी नाही जमणार, डिसेंबरमध्ये एवढा खर्च झेपणार नाही. मला धरू नका, सात जणांचाच हिशोब करा. परत आलात की भेटू."

आयोजकाच्या दृष्टीने यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य आहे "मला धरू नका". बाकीचं तुमच्या नात्याचं आहे, हे त्याच्या कामाचं. हे वाक्य नसलं की "नाही जमणार" मध्येही तो थोडी आशा ठेवतो आणि तुमची जागा धरूनच गाडी ठरवतो.

"बघतो", "ट्राय करतो", "शक्यतो नाहीच" हे लिहू नका. तोंडावर नाही म्हणायची भीड वाटते म्हणून हे शब्द येतात, आणि ज्याला ते मिळतात त्याची पंचाईत होते. पाच वेळा सॉरीही नको. इतकी माफी मागितली की समोरच्याला तुमची समजूत काढत बसावी लागते. आणि "तुमच्यासारखे पगार नाहीत रे आमचे" हा टोमणा गमतीत लिहिला तरी गमतीत वाचला जात नाही.

ज्यांना अहो-जाहो करतो अशा मोठ्या सहकाऱ्यांचा बेत असेल तर: "ताई, आठवणीने विचारलंत, छान वाटलं. यंदा खर्चाचं गणित बसत नाहीये, त्यामुळे मी येत नाही. माझी जागा धरू नका." त्यांना याहून जास्त सांगायची गरज नाही.

४. ग्रुपवर लिहू की जो ठरवतोय त्याला वेगळं सांगू?

आधी त्याला वेगळं सांगा, शक्यतो फोनवर, आणि मग त्याच दिवशी ग्रुपवर एक ओळ टाका. नुसतं ग्रुपवर टाकलं तर दहा मिनिटांत "अरे चल ना यार" चा पाऊस पडतो आणि सगळ्यांसमोर खर्चाबद्दल बोलायची वेळ येते. नुसतं त्यालाच सांगितलं तर तुमच्या न येण्याची कारणं बाकीच्यांना तो देत बसतो. ग्रुपवरच्या ओळीत पैशांचा उल्लेख नसला तरी चालतो: "मी या ट्रिपला नाहीये, आयोजकसाहेबांशी बोललोय. मजा करा."

५. कधी सांगायचं? लगेच नाही म्हटलं तर उद्धट वाटेल का?

आमंत्रण आल्यापासून दोन-तीन दिवसांत, आणि काहीही झालं तरी पहिला अ‍ॅडव्हान्स जाण्याआधी. यामागे शिष्टाचारापेक्षा पैशांचं कारण मोठं आहे, ते असं.

समजा बंगला रात्रीला 12,000 रुपये, म्हणजे तीन रात्रींचे 36,000. चालक, डिझेल, टोल धरून टेम्पो ट्रॅव्हलर 28,000. एकूण 64,000, आठ जणांत प्रत्येकी 8,000. यात एक गोष्ट लक्षात घ्या: तुम्ही आलात काय आणि नाही आलात काय, बंगला आणि गाडीचं भाडं तेवढंच राहतं. तुम्ही गळलात की तेच 64,000 सात जणांत वाटले जातात आणि प्रत्येकाला साधारण 9,143 पडतात, म्हणजे माणशी 1,143 जास्त.

तुम्ही लवकर सांगितलंत तर आयोजकाच्या हातात पर्याय असतात. आठवा माणूस शोधता येतो. किंवा आणखी एकजण कुंपणावर बसलेला असतो, तोही तुमच्यामागोमाग नाही म्हणतो आणि सहा उरतात. सहा जण आणि चालक सात सीटच्या गाडीत बसतात. ती 18,000 ला मिळाली तर एकूण 54,000 होतात आणि प्रत्येकी 9,000. म्हणजे दोघं कमी होऊनही वाटा सात जणांपेक्षा थोडा कमीच आला. पण टेम्पो ट्रॅव्हलरचा अ‍ॅडव्हान्स गेल्यावर तुम्ही दोघांनी हेच सांगितलंत तर सहा जणांना प्रत्येकी 10,667 पडतात. तुमचा नकार तोच आहे, पण उशिरामुळे प्रत्येकाचे सोळाशेच्या वर गेले.

रेल्वेने जायचं असेल तर घाई आणखी असते. 1 नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी सुरू होतं, आणि डिसेंबरअखेरच्या कोकण रेल्वेच्या गाड्या पहिल्या काही मिनिटांतच वेटिंगवर जातात. तिकीट काढणारा सकाळी आठला लॉगिन करून बसलेला असतो. तुमचं नाव घालायचं की नाही हे त्याला आदल्या रात्रीपर्यंत कळलं पाहिजे.

६. "आठ हजारांत होतंय रे" असं सगळे म्हणतायत. तेवढे आहेत माझ्याकडे. मग हो म्हणू का?

आठ हजार हा ट्रिपचा खर्च नाही, सामायिक खर्चातला तुमचा वाटा आहे. प्रश्न ५ मधल्या उदाहरणात जेवणखाण, चहा, संध्याकाळचं बाहेरचं खाणंपिणं दिवसाला 1,200 धरलं तरी चार दिवसांचे 4,800 होतात. बोट, वॉटर स्पोर्ट्स असं काही 2,000. काजू, घरच्यांसाठी काहीतरी आणि किरकोळ 1,500. हे 8,300 झाले, आणि बेरीज 16,300. सांगितलेल्या आकड्याच्या दुप्पट.

यात फसवणूक नसते. आयोजक त्याला जे भरायचं असतं तेवढंच सांगतो. उरलेलं ज्याच्या त्याच्या खिशातून जातं, ते कोणाच्याच हिशोबात नसतं.

तिथे जाऊन हात आखडता घेईन, हा बेतही क्वचितच पार पडतो. कारण हॉटेलचं बिल टीटीएमएम होत नाही, टेबलावरच्या डोक्यांनी भागलं जातं. तुम्ही डाळ-भात मागवलात आणि समोरच्याने सुरमई आणि तीन बिअर घेतल्या, तरी अ‍ॅपवर दोघांच्या नावावर सारखेच पडतात. तेव्हा हो म्हणायच्या आधी पूर्ण आकडा काढा. 16,300 झेपत असतील तर खुशाल जा. झेपत नसतील तर आठ हजार खिशात असूनही "एवढा खर्च झेपणार नाही" हे वाक्य शंभर टक्के खरं आहे.

७. क्रेडिट कार्डवर भागवलं तर? नंतर हळूहळू फेडेन.

पुढच्या बिलाच्या तारखेला सगळे भरणार असाल तर प्रश्नच नाही. हळूहळू फेडणार असाल तर थकलेल्या रकमेवर बऱ्याच कार्डांचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. 16,300 थकवून दरमहा 1,500 भरत गेलात तर फिटायला साधारण चौदा महिने लागतात आणि व्याजाचे साडेचार हजारांच्या आसपास जातात, त्यावरचा जीएसटी वेगळा. म्हणजे पुढच्या डिसेंबरच्या ट्रिपचा मेसेज येईल तेव्हा ही ट्रिप अजून फिटलेली नसेल.

८. मित्र म्हणतो, "मी भरतो तुझे, नंतर दे." काय उत्तर देऊ?

हे हातउसने आहेत हे आधी स्वतःशी नीट कबूल करा. मग एकच प्रश्न: परत कधी देणार ती तारीख सांगता येते का? येत असेल तर घ्यायला हरकत नाही, तारीखही मित्राला सांगून टाका. येत नसेल तर घेऊ नका. फिटले नाहीत की तुम्ही त्याचे फोन टाळायला लागता, आणि ट्रिप चुकल्याने जे झालं नसतं ते उसन्यांनी होतं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते अशा वेळी आठवावं.

दुसरं म्हणजे तो भरणार ते आठ हजार. प्रश्न ६ मधले 8,300 तुमच्याच खिशातून जाणार आहेत. ते तरी आहेत का?

नकार असा देता येईल: "भावा, तू म्हणालास यातच आलं. पण उसने घेऊन आलो तर चार दिवस डोक्यात तेच राहील. या वेळी राहू दे, पुढच्या वेळी माझे मी भरून येतो." शेवटचं वाक्य मनात असेल तरच म्हणा.

९. आणि सगळे मिळून माझा वाटा भरायला तयार असतील तर? उपकार वाटतात.

इथे गणित जरा गमतीचं आहे. बंगला आणि गाडी ठरून गेली असेल तर तुम्ही न आल्याने सात जणांना प्रत्येकी 1,143 जास्त पडतात. तुम्हाला फुकट नेलं तरी प्रत्येकी 1,143 च जास्त पडतात. तेव्हा "तू ये रे, आम्हाला तेवढंच पडतंय" असं कोणी म्हटलं तर ते मन राखायला बोललेलं नसून शब्दशः खरं असू शकतं. या एका परिस्थितीत मी हो म्हणण्याचा विचार करीन. 8,300 जवळ असतील, सातही जणांना माहीत असेल आणि नंतर कोणी बोलून दाखवणार नाही याची खात्री असेल, तरच. सातातल्या एकाच्या चेहऱ्यावर जरी किंतु दिसला तरी नाही म्हणा.

काहीच ठरलेलं नसताना हीच ऑफर आली तर गणित लागू होत नाही. तेव्हा तुमच्याशिवाय छोटी, स्वस्त ट्रिप त्यांना शक्य असते.

१०. मी हो म्हणून बसलोय, बुकिंगही झालंय, आणि आता खर्च अंगावर आलाय. आता कसा नाही म्हणू?

आजच, फोन करून. मेसेज नको. आणि फोन करायच्या आधी पैशांचं काय करणार ते ठरवून ठेवा, कारण समोरचा विचारणार नाही पण त्याच्या डोक्यात पहिला प्रश्न तोच येईल.

माझ्या मते न्याय्य हिशोब असा. सामायिक खर्चातला तुमचा वाटा, म्हणजे उदाहरणातले 8,000, तुमचा राहतो. तुमच्या होकारावर ती जागा आणि गाडी ठरली होती. जेवण, बोट, बाकीचं काही तुमच्याकडे लागत नाही. म्हणजे गेलात तर 16,300 आणि नाही गेलात तर 8,000. अर्धे तरी वाचतात. अ‍ॅडव्हान्समध्ये 4,000 भरून झाले असतील तर ते परत मागू नका, उरलेल्या चारचं बोला: "दोन महिन्यांत दोन-दोन हजार करून देतो, चालेल?" बऱ्याचदा आयोजकच म्हणतो की राहू दे. पण ते त्याने म्हणायचं, तुम्ही गृहीत धरायचं नाही.

बदली माणूस मिळाला तर हे सगळं मिटतं, फक्त तो ग्रुपला चालणारा हवा. तुमच्या ऑफिसातला अनोळखी माणूस परस्पर देऊ करू नका. आणि बदली बंगल्यात आणि गाडीत चालतो, तिकिटावर नाही. रेल्वेचं कन्फर्म तिकीट आई-वडील, भावंडं, नवरा-बायको किंवा मुलं यांच्याच नावावर करून मिळतं, तेही आधी अर्ज करून. मित्राच्या नावावर होत नाही. विमानाच्या तिकिटावर तर दुसऱ्याचं नाव घालताच येत नाही.

एकाच पीएनआरवर सगळ्यांची तिकिटं असतील तर फक्त तुमचं रद्द करता येतं, बाकीच्यांची तशीच राहतात. ते काम ज्याच्या खात्यातून तिकिटं काढली त्यालाच करावं लागतं, म्हणून त्याला लवकर सांगा. गाडीची वेळ जवळ येते तशी कापली जाणारी रक्कम वाढते, आणि कन्फर्म तत्काळ तिकिटाचे काहीच परत मिळत नाहीत. विमानाचं तिकीट नॉन-रिफंडेबल असलं तरी त्यातले विमानतळाचे शुल्क आणि सरकारी कर परत मागता येतात. रक्कम छोटी असते म्हणून लोक सोडून देतात.

अचानक नोकरी गेली किंवा घरात कोणी दवाखान्यात असेल तर वरचा हिशोब बाजूला ठेवा. सरळ सांगा. अशा वेळी वाटा मागणारा ग्रुप मी तरी पाहिलेला नाही.

११. पूर्ण ट्रिपऐवजी एकच रात्र गेलो तर? नाही म्हणणंही टळेल.

टळत नाही, महाग पडतं. स्वतंत्र बसने जाणं-येणं डिसेंबरच्या भाड्यात, वर त्या रात्रीच्या बंगल्याचा वाटा 1,500, आणि खाणंपिणं आहेच. चौथाईचा आनंद मिळतो आणि खर्च अर्ध्याच्या पुढे जातो. तुम्ही वाटेवरच, म्हणजे सावंतवाडी-कुडाळकडे राहत असाल तर गोष्ट वेगळी. तेव्हा नक्की जा, फक्त बंगला ठरायच्या आधी कळवा.

१२. "मागच्या महिन्यात फोन घेतलास की!" याला काय म्हणू?

"हो, म्हणूनच आता आवरतं घेतोय." झालं. फोनचा हप्ता किती, जुना कसा बंद पडला, हे सांगायला लागलात की तुमच्या खर्चावर चर्चा करायला तुम्हीच परवानगी दिलीत असं होतं. कोणत्या गोष्टीवर पैसे घालायचे ही निवड तुमची आहे, आणि ट्रिप त्या यादीत खाली आहे हेही पैशांचंच कारण झालं.

१३. जिवलग मित्राची लग्नाआधीची ट्रिप आहे. हिलाही नाही म्हणायचं?

हा यातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे. म्हणावं लागलं तर समोर बसून म्हणा. प्रश्न ४ मधला क्रम इथे बदलतो: आयोजकाच्या आधी ज्याचं लग्न आहे त्याला सांगायचं. दुसऱ्याकडून त्याच्या कानावर गेलं तर लागतं, तुमच्याकडून गेलं तर सहसा लागत नाही.

एक गोष्ट आधी तपासा. अशा ट्रिपला बऱ्याच ग्रुपमध्ये नवरदेवाचा किंवा नवरीचा वाटा बाकीचे भरतात, त्यामुळे तुमचा आकडा नेहमीच्या ट्रिपपेक्षा जास्त येतो. आठ जणांत एक नवरदेव असेल तर आठ हजारांऐवजी वाटा 9,143 होतो. त्याच्या खाण्यापिण्याचे वेगळेच. हे धरून आकडा काढा.

आणि नकारासोबत त्याला केळवणाला बोलवा. घरी, तुमच्या हातचं किंवा आईच्या हातचं जेवण, हवं तर त्याच्या होणाऱ्या बायकोसह. ट्रिपची भरपाई म्हणून पुढे करू नका; केळवण तुम्ही तसंही केलं असतं. पण तारीख त्याच भेटीत पक्की करा. लग्नाच्या आठवड्यात हातभार लावायला असाल तर तेही नेमकं सांगा: मुहूर्ताच्या आदल्या दिवशी पाहुण्यांना स्टेशनवरून आणायचं काम माझं. "काही लागलं तर सांग" म्हटलं की कोणी काही सांगत नाही.

१४. हा तिसरा नकार आहे. आता मला विचारणंच बंद होईल अशी भीती वाटते.

रास्त आहे. माणसं नकाराने दुखावत नाहीत, पण सवयीने नाव गाळायला लागतात. म्हणून नकाराच्या एखाद्या आठवड्यानंतर, वेगळ्या मेसेजमध्ये, तुम्हीच काहीतरी ठरवा. सिंहगडावर पहाटे चढून पिठलं-भाकरी, कोणाच्या गच्चीवर मिसळ. नकार देतानाच "त्यापेक्षा सिंहगडला जाऊ" म्हणू नका. गोव्याच्या तयारीत असलेल्यांना ते विरजण वाटतं.

ग्रुपमध्ये तुमच्यासारखे आणखी एक-दोघं असतात, फक्त बोलत नाहीत. त्यांना धरून वर्षभराची ट्रिपची भिशी सुचवून पाहा. दरमहा 1,400 टाकले तर बारा महिन्यांत 16,800 होतात आणि आपल्या उदाहरणातली अख्खी ट्रिप त्यात बसते. भिशीत नंबर लावू नका. सगळ्यांचे पैसे एकाच वेळी लागणार आहेत, तेव्हा एका खात्यात नुसते साठवलेले बरे. बँकेची आवर्ती ठेव ज्याच्या त्याच्या नावावर ठेवली तर आणखी बरं, कारण मध्येच कोणी गळला तर वाद होत नाही.

१५. ते तिकडे गेल्यावर ग्रुपवर फोटोंचा मारा सुरू होतो. त्रास होतो.

चार दिवस ग्रुप म्यूट करा. ग्रुप सोडू नका, लगेच "रागावला का?" सुरू होतं. एखाद्या फोटोला मनापासून काही लिहावंसं वाटलं तर लिहा, सगळ्यांना बदाम पाठवत बसायची गरज नाही.

१६. आम्ही नवरा-बायको दोघंही एकाच ग्रुपमध्ये आहोत. एकाला जायचंय, एकाला खर्च नकोय.

आधी घरात ठरवा, मग ग्रुपवर एकच उत्तर जाऊ द्या. एकाने "आम्ही येतोय" टाकायचं आणि दुसऱ्याने रात्री आयोजकाला फोन करायचा, यात आयोजकाला तुमचं भांडण कळतं आणि दोन जागा अधांतरी राहतात. एकालाच पाठवायचं ठरलं तर खोलीचा प्रश्न आधी विचारा. जोडप्यांच्या ट्रिपमध्ये वाटा बहुतेक वेळा माणशी नसून खोलीमागे असतो, आणि एकट्याला पूर्ण खोलीचे पैसे पडले तर बचत फारशी उरत नाही. नाही म्हणताना "आम्ही" म्हणा, प्रश्न २ मध्ये सांगितलंय त्या कारणासाठी.

१७. उलट बाजूने विचारतो: मी ट्रिप ठरवतोय. कोणाला पैशांमुळे अवघड जातंय हे न दुखावता कसं ओळखू?

ओळखायच्या भानगडीत पडू नका, नाही म्हणणं सोपं करा. पहिल्याच मेसेजमध्ये वाटा नाही तर पूर्ण अंदाज लिहा: "बंगला-गाडी आठ, वरखर्च साधारण आठ, एकूण सोळा-सतरा हजार धरून चला." मग तारीख: "रविवार रात्रीपर्यंत मला पर्सनलवर हो किंवा नाही कळवा, सोमवारी अ‍ॅडव्हान्स भरतोय." ग्रुपवर पोल घेऊ नका. पोलमध्ये कोणी काय दाबलं ते सगळ्यांना दिसतं, मग ज्याला नाही म्हणायचंय तो काहीच दाबत नाही आणि तुम्ही त्याची वाट बघत बसता.

रविवार रात्रीपर्यंत ज्याचं उत्तर आलं नाही त्याला एकच फोन करा, आणि "येतोयस ना?" असं विचारू नका. "तुला धरू की नको? दोन्ही चालेल," असं विचारा. तो नको म्हणाला तर का म्हणून विचारू नका, आणि सोमवारी ग्रुपवर यादी टाकताना फक्त येणाऱ्यांची टाका.